दर आठवड्याच्या व्हिडिओसाठी एकच साचा: काय गोठवायचं आणि काय मोकळं ठेवायचं

आमच्या गप्पांच्या मालिकेचा चौदावा भाग प्रसिद्ध झाला आणि तासाभराने पाहुण्यांचाच फोन आला. पडद्यावर बोलत होत्या त्या, पण त्यांच्या खालच्या पट्टीवर नाव होतं तेराव्या भागातल्या पाहुण्यांचं. चूक माझी होती. मी मागच्या आठवड्याचा प्रोजेक्ट उघडला, दुसऱ्या नावाने सेव्ह केला, जुनं चित्रण काढून नवं टाकलं आणि कामाला लागलो. पट्टी जागच्या जागी होती, रंग नीट, अक्षर नीट. इतकी नीट की ती वाचावी असं मला एकदाही वाटलं नाही.

बरेच जण साप्ताहिक मालिका अशीच चालवतात. मागच्या भागाची प्रत काढायची आणि तिच्यावरच पुढचा भाग उभा करायचा. दोन-चार आठवडे ते चालतंही. पण अशा प्रतीत मागच्या भागाचे अवशेष राहतात, आणि ते अवशेष तयार मालासारखे दिसतात. खऱ्या साच्यात मागचं काही नसतं. त्यात कायमचे भाग असतात आणि मुद्दाम सोडलेल्या रिकाम्या जागा असतात, ज्या रिकाम्या आहेत हे लांबूनही कळतं.

इंट्रो, नावाची पट्टी आणि आउट्रो या तिन्हींना आपण एका दमात 'ग्राफिक्स' म्हणतो, पण साच्याच्या दृष्टीने त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. इंट्रो कधीच बदलत नाही, म्हणून तो गोठवून टाकायचा. नावाची पट्टी दर वेळी बदलते, म्हणून ती मऊ ठेवायची. आउट्रो स्वतः फारसा बदलत नाही, पण त्याची जागा बदलते: कधी बाराव्या मिनिटाला येतो, कधी चौदाव्या. म्हणून तो शेवटाला बांधलेला हवा. साचे बिघडतात ते बहुतेक वेळा या तिघांना एकच वागणूक दिल्यामुळे.

उदाहरणाला आमचीच मालिका घेतो. सुमारे १२ मिनिटांचा भाग, एक सूत्रधार, एक पाहुणा. सुरुवातीला ६ सेकंदांचा इंट्रो, मध्ये दोघांच्या नावांच्या पट्ट्या, शेवटी २० सेकंदांचा आउट्रो. सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह, त्याची मोफत आवृत्ती. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, अडचणी साधारण याच येतील.

आधी फ्रेमरेट आणि फोल्डर

रिझॉल्व्हमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला की सगळ्यात आधी `Project Settings` मध्ये जाऊन `Timeline frame rate` ठरवायचा. हे आधी करायचं, कारण प्रोजेक्टमध्ये पहिली क्लिप आली की हा आकडा कुलूपबंद होतो. मग तो बदलता येत नाही. आमचा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेतो, म्हणून साचाही २५चा. साचा २५चा आणि चित्रण ३०चं असेल तर दर सेकंदाला ५ फ्रेम गळतात. बोलणाऱ्या माणसात ते चटकन दिसत नाही, पण कॅमेरा आडवा फिरला की हलके धक्के जाणवतात. असे धक्के दिसले तर क्लिपचा आणि टाइमलाइनचा आकडा आधी ताडून पाहा.

दुसरी गोष्ट फोल्डरची. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट व्हिडिओ किंवा संगीत पोटात ठेवत नाही, फक्त त्यांचा पत्ता लक्षात ठेवतो. फाइल हलवली की पत्ता चुकतो आणि पडद्यावर लाल `Media Offline` येतं. त्यामुळे कायमच्या फायलींना एक कायमचं घर द्यायचं आणि तिथून त्या हलवायच्या नाहीत. आमच्याकडची मांडणी अशी आहे:

```
MALIKA/
  KAYAM/
    intro_v1.mov
    intro_v1.wav
    outro_v1.mov
    outro_v1.wav
    font/
  SACHA/
    sacha_v1.drp
  BHAG/
    BHAG_014/
    BHAG_015/
```

दर आठवड्याचं चित्रण `BHAG` मध्ये त्या त्या भागाच्या फोल्डरमध्ये जातं. `KAYAM` ला दर आठवड्याच्या कामात कुणी हात लावत नाही. फायलींच्या नावात `v1` का आहे ते शेवटी येईल.

इंट्रो: गोठवा

इंट्रोत लोगो सरकत येतो, मालिकेचं नाव उमटतं, मागे संगीत वाजतं. हे सगळं बनवताना पाच-सहा थर लागतात, फॉन्ट लागतात, एखादा इफेक्ट लागतो. हे थर तसेच्या तसे साच्यात ठेवले तर दर आठवड्याला ते सगळं पुन्हा मोजलं जातं, आणि कधीतरी एखादा फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसतो किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर एखादा इफेक्ट वेगळा दिसायला लागतो. जी गोष्ट बदलायचीच नाही, ती बदलू शकेल अशा अवस्थेत ठेवण्यात काही शहाणपण नाही. म्हणून इंट्रो एकदाच वेगळ्या प्रोजेक्टमध्ये बनवायचा, रेंडर करायचा, आणि साच्यात फक्त ती तयार फाइल आणायची. मूळ प्रोजेक्ट अर्थातच जपून ठेवायचा.

रेंडर करताना नेहमीचा एच.२६४ वापरू नका. पूर्ण भाग शेवटी त्याच प्रकारात बाहेर पडणार आहे आणि अपलोड केल्यावर तिसऱ्यांदा दाबला जाणार आहे. इंट्रोच्या गडद पार्श्वभूमीवर मग रंगांचे पट्टे दिसायला लागतात. डीएनएक्सएचआर एचक्यू किंवा प्रोरेस घ्या. सहा सेकंदांची फाइल शंभर एमबीच्या पुढे जाईल, पण ती एकच आहे आणि कायमची आहे.

आता संगीताची गोष्ट. इंट्रोचं चित्र सहाव्या सेकंदाला संपतं, पण संगीत तिथेच कापलं तर दार आपटल्यासारखं वाटतं. ते पुढे दोनेक सेकंद सूत्रधाराच्या पहिल्या वाक्याखाली विरत जायला हवं. म्हणजे चित्र ६ सेकंदांचं आणि आवाज ८ सेकंदांचा. यासाठीच वरच्या यादीत इंट्रोच्या दोन फायली आहेत. संगीताचा उतार त्या आवाजाच्या फाइलीतच भरून टाकला की दर वेळी तो ओढत बसावं लागत नाही.

नावाची पट्टी: मऊ ठेवा

वृत्तवाहिन्यांत हिला अ‍ॅस्टन म्हणतात, संकलक लोअर थर्ड म्हणतात. मी नावपट्टी म्हणेन. साच्यातला सगळ्यात अवघड भाग हाच, कारण इथे आपल्याला असं काहीतरी बनवायचं आहे ज्यात पुढे कोणतं नाव येणार हे आज माहीत नाही.

पहिला प्रश्न रुंदीचा. बहुतेक जण रंगीत आयत काढतात आणि त्यावर नाव लिहितात. आयत बनवताना जे नाव समोर असतं त्याच्या मापाचा होतो. पुढच्या आठवड्यात नाव फक्त 'उमा' असतं आणि अर्धी पट्टी मोकळी पडते. त्याच्या पुढच्या आठवड्यात 'ज्योत्स्ना विश्वंभर धर्माधिकारी' येतं आणि नाव पट्टीबाहेर लोंबतं. मग हाताने आयत ओढा, आणि साच्याचा उपयोग तिथेच संपला.

रिझॉल्व्हमध्ये यावर चांगला उपाय आहे. `Effects` मधून `Text+` टाइमलाइनवर ओढा. त्याच्या `Shading` टॅबमध्ये `Select Element` म्हणून थर असतात: पहिला म्हणजे अक्षराचा रंग, बाकीचे किनार, सावली वगैरे. चौथा थर चालू करा आणि त्याचं `Appearance` भरीव चौकटीचं निवडा. `Level` मध्ये `Line` घ्या. आता पार्श्वभूमीचा पट्टा अक्षरांचाच एक भाग झाला. नाव वाढलं की पट्टा वाढतो, नाव आखूड झालं की आक्रसतो. कडेला किती मोकळी जागा हवी ते तिथल्याच `Extend Horizontal` आणि `Extend Vertical` ने ठरतं.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. `Text+` मुळात मजकूर मध्यभागी धरून ठेवतो, म्हणजे लांब नाव दोन्ही बाजूंना वाढतं आणि डावीकडून पडद्याबाहेर जाऊ शकतं. `Text` टॅबमधला आडवा `Anchor` डावीकडे करा. मग नाव डाव्या कडेला खुंटी मारल्यासारखं राहतं आणि फक्त उजवीकडे वाढतं.

जागा कुठली? `Layout` टॅबमध्ये `Center` चे दोन आकडे असतात, पडद्याची रुंदी आणि उंची ० ते १ अशी मोजणारे. मी नावासाठी आडवा आकडा ०.०८ आणि उभा ०.२२ ठेवतो. प्रसारणाच्या प्रमाणित पद्धतीत मजकूर पडद्याच्या मधल्या ९० टक्क्यांत असावा असं धरतात, म्हणजे प्रत्येक कडेपासून ५ टक्के आत. इंटरनेटवर त्याहून थोडं आतच राहावं, कारण खालच्या कडेला प्लेअरची पट्टी येते आणि सबटायटल्सही तिथेच उमटतात. पट्टी एका फोनवर, सबटायटल्स चालू करून, एकदा पाहून घ्या. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर हे लक्षातच येत नाही.

नाव मोठं आणि ओळख लहान हवी असते, म्हणून मी दोन वेगवेगळे `Text+` वापरतो. नावाचा व्हिडिओ ट्रॅक ३, ओळखीचा ट्रॅक ४. एकातच दोन ओळी बसवता येतात, पण मग दोन आकारांसाठी अक्षरनिहाय मांडणी करावी लागते आणि नाव बदलताना ती विस्कटते. दोन क्लिप म्हणजे दोन साधी खोकी, ज्यात फक्त टाइप करायचं.

दुसरा प्रश्न वेळेचा. पट्टी सरकत किंवा उमटत येते, थांबते, जाते. हे येणं-जाणं कीफ्रेमने केलं तर ते क्लिपच्या ठरावीक फ्रेमला चिकटतं. आमची पट्टी ५ सेकंदांची, म्हणजे १२५ फ्रेमची. जाण्याची हालचाल समजा ११० ते १२५ या फ्रेममध्ये बसवली. एका भागात पाहुण्यांचा शॉट लवकर बदलतो, म्हणून पट्टी ९० फ्रेमवर कापली. आता जाण्याची हालचाल कापलेल्या भागात गेली आणि पट्टी टक् करून गायब होते. उलट १७५ फ्रेमपर्यंत ताणली, तर ती १२५ला निघून जाते आणि पुढची ५० फ्रेम टाइमलाइनवर क्लिप दिसते पण पडद्यावर काहीच नसतं.

यावर सोपा उपाय म्हणजे कीफ्रेम न वापरणं. टाइमलाइनवर क्लिपच्या वरच्या दोन कोपऱ्यांत लहान पांढरी टोकं दिसतात, ती आत ओढली की क्लिप विरत येते आणि विरत जाते. ही टोकं क्लिपच्या कडेला बांधलेली असतात, त्यामुळे क्लिप कितीही कापा किंवा ताणा, उतार शेवटीच राहतो. मी दोन्हीकडे १२ फ्रेम देतो, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. पट्टी सरकतच यायला हवी असा आग्रह असेल तर रिझॉल्व्हच्याच फ्यूजन या इफेक्ट्सच्या पानावर `Anim Curves` नावाची सोय आहे, ती क्लिपच्या लांबीप्रमाणे हालचाल जुळवून घेते. मी ती करून पाहिली आणि विरत येणाऱ्या पट्टीवर परत आलो. पाहणाऱ्यांपैकी कुणी तक्रार केली नाही.

तिसरा प्रश्न आपल्या लिपीचा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार. पट्टीची उंची 'रमा' या नावावर ठरवली तर 'कीर्ती' मधला रफार पट्टीच्या वर डोकावतो. म्हणून माप ठरवताना असा मजकूर लिहा ज्यात सगळं आहे. मी 'र्कीं कि ज्यू त्स्ना कृ' अशी निरर्थक ओळ वापरतो. तिचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा ठिपका पट्टीत बसला की कुठलंही नाव बसतं. जोडाक्षर फुटतंय का, ऱ्हस्व वेलांटी योग्य बाजूला पडतेय का, हेही याच ओळीत कळतं. फॉन्ट युनिकोडच घ्या, जसा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये पट्टी बनवली तर पाहुण्यांनी मोबाइलवर पाठवलेलं नाव चिकटवताच कचरा दिसतो. आणि टंकलेखन यंत्रासारखं एकेक अक्षर उमटवणारं अ‍ॅनिमेशन देवनागरीत टाळलेलं बरं. त्यात आधी 'स' आणि मग त्याची वेलांटी वेगळी उगवताना दिसू शकते.

चौथी गोष्ट मला महागात पडलेली. दोन क्लिपची पट्टी हाताळायला सोपी जावी म्हणून मी त्यांची `Compound Clip` केली होती. एक गठडी, उचलायला बरी. तिची प्रत काढली, सूत्रधाराच्या पट्टीवर एक आणि पाहुण्यांच्या पट्टीवर एक. पाहुण्यांचं नाव बदललं, आणि सूत्रधाराच्या खालीही तेच नाव आलं. कंपाउंड क्लिपच्या सगळ्या प्रती आतून एकच असतात, हे त्या दिवशी समजलं. लोगोसाठी हा गुण आहे, नावपट्टीसाठी सापळा. साध्या `Text+` क्लिपची प्रत काढली तर प्रत्येक प्रत स्वतंत्र राहते. `Alt` दाबून दोन्ही क्लिप एकत्र ओढल्या की नवी पट्टी तयार.

सूत्रधाराची पट्टी साच्यात खऱ्या नावाने भरून ठेवा, तो दर वेळी तोच आहे. पाहुण्यांच्या पट्टीत मात्र सुबक नमुना नाव लिहू नका. 'पाहुण्यांचे नाव' असं सभ्य काही लिहिलं तर तेही नजरेतून सुटतं. आमच्या साच्यात लिहिलंय `### नाव टाका ###`. ते इतकं कुरूप दिसतं की तसाच भाग बाहेर जाणं जवळपास अशक्य आहे. चौदाव्या भागानंतरची ही सुधारणा.

आउट्रो: शेवटाला बांधा

आउट्रो २० सेकंदांचा का, तर यूट्यूबची एंड स्क्रीन ५ ते २० सेकंदांची असते आणि व्हिडिओच्या अगदी शेवटी बसते. पुढचा व्हिडिओ, सबस्क्राइबचं वर्तुळ ही खोकी यूट्यूब स्वतः वरून चिकटवतं. आपल्या पार्श्वभूमीत त्यांच्यासाठी मोकळ्या जागा सोडायच्या असतात. यूट्यूब स्टुडिओत आधीच्या व्हिडिओवरून एंड स्क्रीन जशीच्या तशी आणता येते, त्यामुळे आउट्रो दर वेळी तोच आणि तेवढ्याच लांबीचा असेल तर तेही काम अर्ध्या मिनिटात होतं.

पार्श्वभूमी इंट्रोसारखीच रेंडर करून गोठवा. वर 'पुढच्या भागात' अशी ओळ लागत असेल तर ती नावपट्टीसारखी मऊ `Text+` ठेवा. तिच्यातही तीच कुरूप खूण.

आता बांधणी. साच्याच्या टाइमलाइनवर मी इंट्रो आणि आउट्रो एकमेकांना चिकटवून ठेवतो. इंट्रो ० ते ६ सेकंद, आउट्रो ६ ते २६. मधला भाग नाहीच. दर आठवड्याला प्लेहेड सहाव्या सेकंदावर आणायचा आणि चित्रण `F9` ने आत घालायचं. हे `Insert` आहे, म्हणजे क्लिप जागा करून घेते आणि पुढचं सगळं तेवढंच मागे ढकलते. १२ मिनिटं आत गेली की आउट्रो आपोआप १२ मिनिटं ६ सेकंदांवर जाऊन बसतो. पुढे मधले तुकडे कापताना `Edit` मेनूतल्या `Ripple Delete` ने कापलं तर पोकळी भरून निघते आणि आउट्रो परत पुढे सरकतो. तो कायम बोलण्याच्या शेपटाला लागून राहतो.

पण इथेही एक मेख आहे. हे ढकलणं ज्या ट्रॅकना कुलूप आहे त्यांच्यावर चालत नाही. साच्यातलं काही हलू नये म्हणून माणूस उत्साहाने संगीताचा ट्रॅक कुलूपबंद करतो. मग १२ मिनिटं आत घातल्यावर आउट्रोचं चित्र बाराव्या मिनिटाला जातं आणि त्याचं संगीत सहाव्या सेकंदालाच राहतं. पाहुण्यांची ओळख चालू असताना समारोपाची धून वाजायला लागते आणि शेवटचे २० सेकंद मुके. असं ऐकू आलं की कुलपाची खूण पाहायची.

बरं, सगळी कुलपं काढली तर इंट्रोच्या संगीताचं काय? ते आठव्या सेकंदापर्यंत आहे आणि आपण सहाव्या सेकंदाला जागा करतोय. `Insert` ते संगीत मधोमध चिरतं आणि शेवटचे दोन सेकंद बारा मिनिटं मागे ढकलून देतं. त्यामुळे या दोन संगीतांना एका ट्रॅकवर ठेवायचंच नाही. आमच्याकडे ऑडिओ ट्रॅक १ बोलण्याचा, २ इंट्रोच्या संगीताचा आणि ३ आउट्रोच्या संगीताचा. दुसऱ्याला कुलूप, कारण तो कधीच हलायचा नाही. तिसरा उघडा, कारण तो हलायलाच हवा. साच्यात खरी विचाराची जागा मला एवढीच वाटते. बाकी सजावट आहे.

सूत्रधाराची पट्टी साच्यात कुठे ठेवायची हा प्रश्न उरतो, कारण मध्ये जागाच नाही. मी दोन्ही पट्ट्या आउट्रोनंतर, ४० सेकंदांच्या आसपास, मोकळ्या जागेत ठेवतो. त्याही आउट्रोबरोबर मागे ढकलल्या जातात आणि मग मी त्या ओढून हव्या तिथे आणतो. माणूस बोलायला लागल्यावर एक-दोन सेकंदांनी पट्टी आली की बरी दिसते. आल्या आल्या दाखवली तर लोक नाव वाचतात आणि पहिलं वाक्य हरवतं.

यातून एक धोका तयार होतो: उरलेली पट्टी शेवटी राहून गेली तर व्हिडिओ आउट्रोनंतरही चालू राहतो. काळा पडदा, मग मधेच `### नाव टाका ###`, आणि एंड स्क्रीनची खोकी आउट्रोऐवजी त्या काळ्यावर. आवाजाचा एखादा बारीक तुकडा दूर पडून राहिला तरी हेच होतं. रेंडरच्या आधी `Shift` आणि `Z` दाबा, अख्खी टाइमलाइन एका नजरेत दिसते. उजव्या टोकाला आउट्रोशिवाय काही असेल तर ते उडवा.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडक्यात. इंट्रोचं संगीत गोठवलेलं आहे, म्हणजे त्याची पातळी ठरलेली आहे. बोलण्याची पातळी मात्र दर वेळी वेगळी येते. तेव्हा बोलणंच संगीताच्या मापाला आणायचं. क्लिपवर उजवी क्लिक करून `Normalize Audio Levels` ने मी बोलणं दर वेळी आवाजाच्या मोठेपणाच्या मापात, म्हणजे लफ्समध्ये, उणे १६च्या आसपास आणतो आणि साच्यातलं संगीत त्याहून किंचित खाली रेंडर करून ठेवलं आहे. एकदा कानाने जुळवलं की पुढे हात लावावा लागत नाही.

साचा जपायचा कसा

रिझॉल्व्हमध्ये `Live Save` मुळातच चालू असतं. तुम्ही जे बदलाल ते त्याच क्षणी जतन होतं, विचारत नाही. म्हणजे साच्याचा प्रोजेक्ट उघडून 'आधी काम करतो, मग वेगळ्या नावाने सेव्ह करतो' म्हणालात तर तोवर साचा बिघडलेला असतो. त्यामुळे तयार साचा प्रोजेक्टच्या यादीत ठेवायचाच नाही. `Project Manager` मध्ये त्यावर उजवी क्लिक, `Export Project`, आणि मिळालेली `.drp` फाइल `SACHA` फोल्डरमध्ये. दर आठवड्याला ती `Import Project` ने आणायची, लगेच `BHAG_015` असं नाव द्यायचं, मगच उघडायची. मूळ फाइल यातून बदलत नाही.

`.drp` मध्ये व्हिडिओ-संगीत नसतं हे विसरू नका. ती मित्राला पाठवली तर त्याला सगळीकडे लाल पडदा दिसेल. तेव्हा `KAYAM` फोल्डरही सोबत द्या, किंवा `Export Project Archive` वापरा, त्यात सगळं एकत्र बांधलं जातं. आणि नव्या आवृत्तीत बनवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे दोघे जण काम करत असाल तर दोघांनी एकदम अद्ययावत करा.

साचा तयार झाला की खऱ्या भागावर लगेच वापरू नका. एखाद्या मिनिटाचं कसलंही चित्रण घालून एक खोटा भाग पूर्ण रेंडर करा. तीन गोष्टी तपासा: इंट्रोचं संगीत पहिल्या वाक्याखाली नीट विरतंय का, आउट्रोचं चित्र आणि धून एकाच क्षणी सुरू होतात का, आणि फाइलीची एकूण लांबी अपेक्षेइतकीच आहे का. एका मिनिटाच्या चित्रणाची फाइल १ मिनिट २६ सेकंदांची यायला हवी. त्याहून जास्त आली तर शेवटी काहीतरी लोंबतंय.

मग काही महिन्यांनी इंट्रो बदलावासा वाटेल. तेव्हा मोह होतो की नवी फाइल जुन्याच नावाने, जुन्याच जागी टाकावी, म्हणजे साच्यात काही करायलाच नको. पण जुने सगळे प्रोजेक्ट त्याच पत्त्याकडे पाहत असतात. वर्षभराने पाचव्या भागात एक चूक दुरुस्त करायला प्रोजेक्ट उघडलात, तर पाचव्या भागाला नवा इंट्रो लागलेला असतो. नवा इंट्रो आठ सेकंदांचा असेल तर तो सहाव्या सेकंदाला अर्धवट तुटलेलाही असतो. म्हणून नवी फाइल `intro_v2.mov`, तिच्यावरून बनलेला साचा `sacha_v2.drp`, आणि `v1` च्या फायली `KAYAM` मध्ये जिथे आहेत तिथेच.